‘डोळ्याबद्दल डोळा’ आणि ‘सर्वधर्मान्परित्यज्य’

प्रश्न: धर्मग्रंथांवरच्या भाष्यपरंपरा शेकडो वर्षं मूळ अर्थ जपतातही आणि काळाप्रमाणे बदलतातही, असं म्हणतात. दोन परंपरांची तुलना करून छोटा विश्लेषणात्मक निबंध लिहायचा आहे. नेमकं काय पाहू?

उत्तर:

अख्खे ग्रंथ घेऊ नका, बुडाल. प्रत्येक परंपरेतली एकच अशी ओळ घ्या की जी जशीच्या तशी पाळायला नंतरच्या लोकांना जड गेली. अर्थ बदलल्याच्या खुणा अशाच ओळींवर राहतात. मी तुमच्या जागी असतो तर ज्यू परंपरेतली ‘डोळ्याबद्दल डोळा’ आणि गीतेतली ‘सर्वधर्मान्परित्यज्य मामेकं शरणं व्रज’ (१८.६६) ही जोडी घेतली असती.

आधी डोळा. तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, त्यातलं वाक्य साधं आहे: डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात. तालमूद म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मपंडितांच्या, चर्चांचा ग्रंथ; त्यात ‘बावा कामा’ नावाच्या भागात मात्र प्रकरण सुरूच होतं पैशापासून. दुसऱ्याला इजा करणाऱ्याने पाच गोष्टी भरून द्यायच्या: शरीराचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि गेलेली अब्रू. नुकसान मोजायचं कसं? हा माणूस बाजारात गुलाम म्हणून उभा केला असता तर इजेआधी किती किंमत आली असती आणि आता किती येईल, त्यातला फरक. इतका हिशेब झाल्यावर मग कोणीतरी विचारतं, ‘अहो, पण शास्त्रात तर डोळ्याबद्दल डोळा लिहिलंय!’

पुढची दोन पानं या एका अडचणीवर खर्ची पडली आहेत. एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर न्याय समान कसा? आंधळ्यानेच कोणाचा डोळा फोडला तर त्याचं काय काढणार? शिवाय खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये असं तोरा दुसरीकडे सांगते, म्हणजे जिवाची चालत नाही पण अवयवाची चालते. एकेक युक्तिवाद येतो, त्यातले बरेच अपुरे ठरवून बाजूला केले जातात आणि पुढचा येतो. निष्कर्ष आधीच ठरलेला आहे, धडपड चालली आहे ती त्याला शब्दांत जागा शोधायची.

मला यातली सर्वांत बोलकी जागा वाटते ती रब्बी एलिएझर यांची. ते म्हणतात, ‘खरोखरचा डोळा.’ हे मत सरळ गाळता आलं असतं, पण गाळलं नाही. ते ठेवून त्याचाच अर्थ लावला: एलिएझर यांना एवढंच म्हणायचं होतं की किंमत ठरवताना इजा झालेल्याचा नव्हे, इजा करणाऱ्याचा डोळा धरायचा. विरोधकाचं वाक्य जपायचं आणि त्याला आपल्या बाजूला बसवायचं, ही या परंपरेची खास हातोटी.

बाराव्या शतकात ज्यू पंडित मैमोनिदीस आणखी पुढे जातो. कायद्याच्या ग्रंथात तो म्हणतो की अपराधी अवयव गमावण्याच्या लायकीचा आहे, म्हणून त्याने पैसे भरायचे. आणि हे प्रेषित मोशेपासून चालत आलं आहे. त्याच्याच तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात मात्र तो सांगतो की शिक्षा अवयवाबद्दल अवयव अशीच आहे आणि इथे मी मूळ वचनाचं कारण सांगतोय, तालमूदच्या निर्णयाचं नव्हे. एकच माणूस वचनाचा अर्थ आणि आचरणाचा नियम दोन वेगळ्या खणांत ठेवतो. निबंधात यावर थांबा. नियम एकदा पक्का झाला की शब्दाचा अर्थ मोकळेपणाने बघता येतो, हे इथे दिसतं.

आता गीता. इथे अडचण वेगळी आहे. अठरा अध्याय अर्जुनाला स्वधर्म सांगून झाल्यावर शेवटी कृष्ण म्हणतो, सगळे धर्म सोड. मग सांगितलं ते काय होतं? शंकराचार्य म्हणतात, इथे ‘धर्म’ शब्दात अधर्मही धरायचा, कारण सांगायचं आहे ते नैष्कर्म्य. सोडायची ती सगळी कर्मं. बघा, शब्दात त्याचा विरुद्धार्थी शब्दही कोंबावा लागला. साध्या शब्दावर टीकाकार एवढा घाम गाळतो तिथे पेन्सिलने खूण करा, बदल तिथेच घडत असतो.

रामानुज कर्मांचा असा त्याग मान्य करत नाहीत. त्यांच्या मते कर्म सोडायचं नाही, सोडायचं ते फळ आणि ‘मी करतो’ ही भावना. ते दुसराही अर्थ देतात: भक्तीला सुरुवात करण्याआधी साठलेल्या पापांसाठी करावी लागणारी कृच्छ्र-चांद्रायणासारखी प्रायश्चित्तं सोड आणि मला शरण ये. म्हणजे ‘सर्व धर्म’ आकसून प्रायश्चित्तांपुरते उरले.

ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे १२९०) स्वतःबद्दल म्हणतात, ‘व्यासाचा मागोवा घेतु, भाष्यकारातें वाट पुसतु’. वाट विचारली खरी, आणि या श्लोकावर धर्म-अधर्म दोन्ही अज्ञानातून जन्मलेले म्हणून टाकायचे, हे शंकराचार्यांच्या जवळचंच आहे. पण श्लोकाचा अर्थ संपल्यावर ते एक प्रसंग घालतात जो गीतेत नाहीच: कृष्ण उजवा हात पसरून अर्जुनाला मिठी मारतो. ‘हृदया हृदय येक जालें’, आणि पुढे ‘द्वैत न मोडितां केलें आपणाऐसें अर्जुना’. द्वैत न मोडता! अद्वैताच्या वाटेवर चालताना भक्तीला जागा ठेवायची होती, ती वादातून नव्हे तर मिठीतून ठेवली. भाष्याचा साचा इथे अपुरा पडतो, म्हणून ओवी कामी येते.

टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, ते १९१५ साली छापलं गेलं. ते शंकराचार्यांच्या या ओढाताणीवरच बोट ठेवतात. त्यांच्या मते हे धर्म म्हणजे अहिंसा, सत्य, गुरुसेवा, यज्ञ, दान अशी महाभारतातच आलेली मोक्षाची नाना साधनं. त्यांच्या गोंधळात न पडता एकाला शरण जा आणि प्राप्त कर्म करत राहा. संन्यासाचा श्लोक कर्मयोगाचा झाला, पण मूळ अक्षराला कोणी हात लावला नाही.

फरक कुठे पडतो? माझ्या मते, मतभेद कुठे ठेवला जातो यात. बाँबर्ग नावाच्या मुद्रकाने व्हेनिसमध्ये १५२०-२३ ला तालमूद छापला तेव्हा मधे मूळ, शिवणीच्या बाजूला राशी या टीकाकाराची टीका, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशीच्याच नातवंडांच्या पिढीपासून पुढच्यांनी काढलेल्या हरकती. ती मांडणी आणि पानांचे क्रमांक आजही तेच. भांडण एका पानावर आहे, एकत्रच वाचावं लागतं. आपल्याकडे प्रत्येक आचार्य नवं पुस्तक लिहितो, आधीच्याचं मत पूर्वपक्ष म्हणून मांडून खोडतो, आणि मतभेद संप्रदायांत वाटला जातो. रामानुजांची टीका वाचणाऱ्याने शंकरभाष्य उघडायलाच हवं असं नाही.

एक पथ्य पाळा. डोळ्याचं वचन न्यायालयात वापरायचं होतं, त्यामुळे तिथे शेवटी एक निर्णय लागतो. गीतेच्या श्लोकाला न्यायाधीश नाही. म्हणून ‘आपली परंपरा मोकळी, त्यांची बंदिस्त’ असलं काही लिहू नका, तो फरक परंपरेचा नसून वचनाच्या प्रकाराचा असू शकतो. तपासायचं असेल तर धर्मशास्त्रातलं वचन आणि त्यावरची ‘मिताक्षरा’ ही टीका घ्या. तिथे कायद्याशी कायदा ताडता येईल.

आणि जपणं म्हणजे काय यासाठी एकनाथ विसरू नका. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं की यात आता जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. तीनशे वर्षांपूर्वी जी टीका होती, ती आता स्वतःच मूळ ग्रंथ झाली होती, आणि तिच्यावर टीका लिहायला लोक मोकळे झाले.