ते दहा हजार आज परत कर

*ताई, कोथरूडला आम्ही तिघी एका टू बीएचकेमध्ये राहतो. करार तिघींच्या नावावर आहे, 1 जूनपासून 11 महिन्यांचा. भाडं 27,000, डिपॉझिट 75,000, सगळं तिघींत सारखं. मला बंगळुरूला नोकरी मिळाली आहे आणि 5 जानेवारीला रुजू व्हायचंय. सहा महिन्यांचा लॉक-इन नोव्हेंबरअखेर संपला, आता एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. माझ्या जागी ऑफिसमधली एक ज्युनिअर यायला तयार आहे. मुलगी खूप चांगली आहे, टोकन म्हणून तिने 10,000 पाठवलेसुद्धा. रूममेट्सना मात्र अजून काही बोलले नाही. एक एमपीएससीचा अभ्यास करते, तिला नवीन कुणी नको असणार. दुसरी रुसून बसेल. म्हणून आधी मालक काकांशी सगळं पक्कं करावं आणि मग त्या दोघींना सांगावं, असं वाटतं. वाईटपणा न येता कसं सांगू?*
*— निघायच्या तयारीतली, 12 डिसेंबर*

आधी त्या दहा हजारांबद्दल बोलू. बाकीचं सगळं त्यांच्यामागून येतं.

तू कशाचं टोकन घेतलंस? ते घर तुझं नाही, आणि तुझी त्यातली जागाही तुला कुणाला देता येत नाही. तुमचा करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा आहे. म्हणजे मालकाने तुम्हा तिघींना, नावानिशी, तिथे राहायची परवानगी दिली आहे. ही परवानगी ज्याची त्याची असते. 1882 च्या सुखाधिकार कायद्यातही हेच आहे: करारात वेगळं ठरलेलं नसेल तर अशी परवानगी दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. तुझ्या ज्युनिअरला हे माहीत नाही. तिला वाटतंय खोली पक्की झाली. कदाचित तिने तिच्या आत्ताच्या पीजीत नोटीसही दिली असेल. उद्या काका नाही म्हणाले, किंवा त्या दोघी नाही म्हणाल्या, तर जानेवारीत बॅग घेऊन ती कुठे जाणार? आणि ती तुझ्याच ऑफिसातली, तुझ्याहून लहान, तुझ्या शब्दावर विसंबलेली.

म्हणून पत्र वाचून झालं की लगेच पैसे परत पाठव आणि तिला फोन कर. मेसेज नको. तिला सांग, ‘मी घाई केली. रूममेट्सना आणि मालकांना विचारल्याशिवाय मला खोली देता येत नाही. तू दुसरीकडेही बघत राहा. होकार मिळाला तर तुझी गाठ घालून देईन.’ हा फोन केल्यावर पुढचं सगळं सोपं होईल, कारण मग लपवायला काही उरणार नाही. सध्या तू रूममेट्सच्या रुसव्याला घाबरतेस असं तुला वाटतंय. माझ्या मते तुला खरी भीती वेगळीच आहे: त्या विचारतील, ‘हे कधी ठरवलंस?’ आणि त्याचं खरं उत्तर तुला द्यावं लागेल.

आता क्रमाबद्दल. काकांशी आधी पक्कं करायचा बेत सोड. करार तिघींचा एकत्र आहे, तीन वेगवेगळे करार नाहीत. तू गेलीस म्हणून भाडं आपोआप 18,000 होत नाही. तुझी जागा रिकामी राहिली तर काका उरलेल्या दोघींकडे पूर्ण 27,000 मागू शकतात, म्हणजे प्रत्येकीला 13,500, महिन्याला साडेचार हजार जास्त. एप्रिलअखेरपर्यंत हा भार त्यांच्या डोक्यावर येऊ शकतो. तुझ्या जाण्याची झळ काकांपेक्षा त्यांना जास्त बसणार आहे, आणि त्यांनाच तू शेवटी सांगणार होतीस. एमपीएससी करणारीला नवीन कुणी नको असेल तर तो तिचा हट्ट नाही. ती रात्री अभ्यासाला बसते तिथे कोण येणार, फोनवर बोलणारी की लवकर झोपणारी, हे ठरवताना तिचं मत धरायलाच हवं. तू त्या घरातून निघालीस, ती तिथेच राहणार आहे.

तेव्हा आज रात्री जेवताना दोघींना सांग. नोकरीची बातमी, तारीख, आणि लगेच पुढचं वाक्य: ‘नोटीस संपेपर्यंतचा माझा वाटा मी भरणार आहे. एक मुलगी माझ्या ओळखीची आहे, पण तुम्ही भेटून ठरवा. नको वाटली तर मी दुसरी शोधायला मदत करते.’ ती ज्युनिअर घरी येईल तेव्हा तू मध्ये बसू नकोस. त्यांना तिला हवं ते विचारू दे.

त्या भेटल्या की काकांना कळव. भेट लगेच जमत नसेल तर नोटीस मात्र 15 तारखेपुढे ढकलू नकोस. आधी फोन, आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी, कारण महिना मोजला जातो तो लेखी तारखेपासून. मजकूर एवढाच पुरे: ‘काका, करारातल्या एक महिन्याच्या अटीनुसार मी आज 15 डिसेंबरला नोटीस देत आहे. 14 जानेवारीपर्यंतचं माझं भाडं मी देईन. माझ्या जागी कुणी आलं तर ती मुलगी तुम्हाला आणि बाकी दोघींना पसंत पडल्यावरच येईल, आणि नवा करार करून येईल.’ पाठवण्याआधी करारातलं नोटीसचं कलम स्वतः उघडून वाच, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नकोस. काही करारांत नोटीस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरतात. तसं असेल तर जानेवारीचे पूर्ण 9,000 तुझे. लॉक-इनच्या सहा महिन्यांचंही तिथेच पाहून घे.

नवीन मुलगी ठरली तर तुझं 25,000 डिपॉझिट तिच्याकडून परस्पर घेऊ नकोस. पुण्यात सर्रास असंच चालतं, जाणारीला येणारी पैसे देते आणि मालकाला पत्ताही नसतो. पुढे घर सोडताना काका रंगाचे, गिझरचे पैसे कापतात आणि ते त्या नव्या मुलीच्या माथी पडतात, शिवाय तिने डिपॉझिट दिल्याचा कागदही तिच्याकडे नसतो. तिने काकांच्या खात्यात भरावेत, काकांनी तुझ्या खात्यात परत करावेत. त्याआधी घर एकदा सगळ्यांनी मिळून पाहा आणि तुझ्या काळातली मोडतोड तुझ्या हिशोबात धरा.

आणि नवा करार झालाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. काका कदाचित ‘चार महिन्यांसाठी कशाला कागद?’ असंही म्हणतील. तेव्हा तू नेट लाव. जुन्या करारात तुझं नाव राहिलं तर बंगळुरूत बसूनही 27,000 च्या भाड्याला तू बांधलेली राहशील, आणि नवी मुलगी कागदावर कुठेच नसेल. पोलिसांकडे आणि सोसायटीत द्यायची भाडेकरूची माहितीही नव्या नावाने जायला हवी. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि एजंट यांचा खर्च तू उचल. करार मध्येच तू मोडते आहेस, त्या दोघी नाही.

त्यांना ती मुलगी पसंत पडली नाही आणि दुसरीही मिळाली नाही, तर करारातली नोटीस पूर्ण भर, त्या दोघींनी आणि काकांनी मिळून भाड्याचं काय ठरवलं ते लेखी घे आणि नीघ. जाताना विजेच्या मीटरचा फोटो तिघींच्या ग्रुपवर टाक, तोपर्यंतच्या बिलातला तुझा वाटा त्याच दिवशी दे, आणि किल्ली काकांच्या हातात देऊन ‘मिळाली’ एवढा मेसेज त्यांच्याकडून मागून घे.