यंदाच्या पगारातून कापू देऊ नका

«शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरीला आहे. 2024-25 मध्ये स्पेशल अलाउन्स महिना 8,000 रुपये चुकून जादा दिला, म्हणून कंपनी 96,000 परत मागतेय. फॉर्म 16 वर पगार 10,60,000, नवी करप्रणाली, रिटर्न भरून झालंय. एचआर म्हणतात, नोव्हेंबरपासून पगारातून कापू, टॅक्स आपोआप जुळेल. यंदाचा पगार साधारण 10 लाख. हो म्हणू का?»

पैसे परत करा, पण या पद्धतीने नको. टॅक्स आपोआप जुळणार नाही.

त्या 96,000 वर गेल्या वर्षी 10 टक्के टॅक्स आणि त्यावर 4 टक्के सेस मिळून 9,984 रुपये कापले गेले. तुमच्या हातात आले 86,016. यंदा, म्हणजे 2025-26 मध्ये, मात्र नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो. तुमच्या 10 लाखांवर मुळातच काही लागत नाही, त्यातून 96,000 वजा केले तरी शून्यच. म्हणजे हातात न आलेले 9,984 तुम्ही खिशातून भरणार. एचआरची लबाडी असेल असं मला वाटत नाही. स्लॅब बदलले, हिशोबाची सवय तीच राहिली.

दुरुस्ती गेल्या वर्षाच्याच कागदांवर व्हायला हवी. कंपनीने 2024-25 च्या चौथ्या तिमाहीचं 24Q, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं स्टेटमेंट, दुरुस्त करून त्यात तुमचा पगार 9,64,000 दाखवायचा आणि TRACES या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून सुधारित फॉर्म 16 द्यायचा. टीडीएसचा आकडा तोच राहतो, कारण तो तुमच्या पॅनवर जमा झालाय. मग तुम्ही कलम 139(5) खाली सुधारित रिटर्न भरायचं, त्यात मूळ रिटर्नचा पावती क्रमांक व तारीख टाकायची. पगार कमी, टीडीएस तेवढाच, म्हणून 9,984 च्या आसपास रिफंड निघेल. मुदत 31 डिसेंबर 2025. भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करायला विसरू नका. इथेच बरेच जण चुकतात.

कंपनीच्या दुरुस्तीआधी स्वतःहून पगार कमी दाखवू नका. जुन्या फॉर्म 16 शी आकडा जुळला नाही की नोटीस येऊ शकते. शिवाय देय नसताना दिलेला पगारही मिळाला त्या वर्षीच करपात्र, असं कलम 15 म्हणतं, त्यामुळे अधिकारी तिथे बोट ठेवू शकतो. म्हणून पगार चुकीचा लागला होता आणि अमुक तारखेला परत घेतला, असं कंपनीचं पत्र हवंच. त्यासाठी कापणी हप्त्यांनी मार्चपर्यंत लांबवण्यापेक्षा शक्य असेल तर सगळी रक्कम डिसेंबरच्या आत बँकेतून परत करा.

आजच एचआरला मेल टाका: सुधारित फॉर्म 16 देणार असाल तर 96,000 देतो, नाहीतर 86,016 च. टॅक्सचे पैसे तुमच्याकडे आलेलेच नाहीत, तेव्हा ही मागणी रास्त आहे. 24Q ची दुरुस्ती त्यांच्या सीएच्या ऑफिसात होते, तिथे डिसेंबरात गर्दी असते. म्हणून फॉर्म 16 ची तारीख मेलमध्येच लिहून मागा, नोव्हेंबरअखेरची.