अ‍ॅम्लोडिपिन बंद केली, तरी पायांची सूज का उतरत नाही?

प्रश्न: बाबांना (वय 68) बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन 5 मिग्रॅ रोज एक चालू होती. दोन्ही पाय सुजायला लागले म्हणून डॉक्टरांनी ती बंद करून दुसरी गोळी दिली. आज चार दिवस झाले, सूज जवळपास तशीच आहे. मेडिकलवाला म्हणतो, "तिची हाफ-लाइफ मोठी आहे, थांबा." म्हणजे नेमकं काय, आणि किती दिवस थांबायचं?

उत्तर:

मेडिकलवाला बरोबर सांगतोय. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो ती त्याची हाफ-लाइफ, पुस्तकी मराठीत अर्धायुष्य. अ‍ॅम्लोडिपिनची हाफ-लाइफ साधारण 30 ते 50 तास असते. त्यामुळे चौथ्या दिवशीही बाबांच्या अंगात ती गोळी आहे, आणि अगदीच किरकोळ प्रमाणात नाही.

गल्लत होते ती 'निम्म्या'पाशी. 40 तासांत अर्धं गेलं, म्हणजे 80 तासांत सगळं जाईल, असं आपण धरून चालतो. तसं का होत नाही ते बघायचं तर एक बादली घ्या. तिच्यात 10 लिटर पाणी आणि मूठभर मीठ विरघळवलेलं. आता एक लिटरचा तांब्या भरून पाणी फेकायचं, तेवढंच साधं पाणी ओतायचं आणि ढवळायचं. पहिल्या तांब्याबरोबर मिठाचा दहावा हिस्सा गेला. दुसऱ्यातही दहावाच हिस्सा गेला, पण उरलेल्या मिठाचा. असे सात तांबे झाले की मीठ साधारण निम्मं उरतं, आणखी सात झाले की पाव. आपलं यकृत हेच करतं. ते ताशी ठरावीक रक्त साफ करतं. रक्तात औषध जास्त असेल तर त्या फेरीत जास्त जातं, कमी असेल तर कमी.

म्हणजे हाफ-लाइफ दोन गोष्टींवर ठरते: बादली केवढी आणि तांब्या केवढा. अ‍ॅम्लोडिपिन रक्तात थोडी राहते, बाकीची शरीरातल्या पेशींमध्ये जाऊन बसते आणि तिथून हळूहळू परत रक्तात येते. थोडक्यात, तिची बादली प्रचंड मोठी. पॅरासिटामॉलची बादली लहान, त्यामुळे त्याची हाफ-लाइफ दोन-तीन तासांची आणि ताप चार-सहा तासांत पुन्हा डोकं वर काढतो. वय वाढलं किंवा यकृत बिघडलेलं असलं की तांब्या लहान होतो. अ‍ॅम्लोडिपिन यकृतातच मोडली जाते, त्यामुळे किडनीच्या दुखण्याने तिच्या हाफ-लाइफमध्ये विशेष फरक पडत नाही. यकृताच्या दुखण्याने पडतो.

आता तुमच्या बाबांचा हिशेब. हाफ-लाइफ 40 तास धरू. बंद करतानाचं प्रमाण 100 मानलं, तर 40 तासांनी 50, 80 तासांनी 25, 120 तासांनी 12 ते 13, 160 तासांनी 6 आणि 200 तासांनी 3. आज 96 तास झालेत, म्हणजे अजून 19 च्या आसपास शिल्लक आहे. वयामुळे त्यांची हाफ-लाइफ 60 तासांवर गेली असेल, तर आज तब्बल एक तृतीयांश औषध बाकी आहे. ढोबळ नियम असा की पाच हाफ-लाइफ झाल्या की औषध संपल्यात जमा. 40 तासांच्या हिशेबाने ते आठ-साडेआठ दिवस होतात, 60 च्या हिशेबाने साडेबारा.

बंद करताना अंगात एकाच गोळीपुरतं औषध होतं असंही नाही. पहिल्या दिवशी 5 मिग्रॅ घेतली. गोळीतलं सगळं औषध शोषलं जातं असं सोयीसाठी धरू. 24 तासांनी त्यातलं 3.3 उरतं, त्यावर दुसरी गोळी, म्हणून 8.3. तिसऱ्या दिवशी 10.5, चौथ्या दिवशी 12 च्या जवळ, आठव्या दिवशी 14 च्या थोडं वर. तिथून पुढे रोज जेवढं येतं तेवढंच जातं आणि पातळी स्थिरावते. चढायलाही पाच हाफ-लाइफ, उतरायलाही पाच. म्हणूनच ही गोळी सुरू करून दुसऱ्याच दिवशी "बीपी उतरलं नाही" म्हणत डोस वाढवण्यात अर्थ नसतो. निदान आठवडाभर तरी जाऊ द्यावा लागतो. डोस दुप्पट केला तर परिणाम दुप्पट दिवस टिकेल, हाही गैरसमज. 10 मिग्रॅवरून 5 मिग्रॅच्या पातळीवर यायला फक्त एक हाफ-लाइफ लागते, म्हणजे दुप्पट डोसने पदरात पडतात ते जास्तीचे 40 तास.

मला जास्त काळजी वाटते ती याच्या दुसऱ्या बाजूची. काही जण मनानेच गोळी सोडतात, तिसऱ्या दिवशी बीपी मोजतात, ते 130/80 येतं, आणि मग "बघा, गोळीची गरजच नव्हती" असं ठरवून टाकतात. ते बीपी जुन्या साठ्यानेच धरून ठेवलेलं असतं. खरा आकडा आठ-दहा दिवसांनी दिसतो. नवीन गोळी बाबांना किती लागू पडते आहे, तेही या आठवड्यात कळणार नाही, कारण सध्या दोन्ही गोळ्या मिळून काम करताहेत. त्यामुळे या दिवसांत उठताना चक्कर येते का, त्याकडे लक्ष ठेवा. आली तर बीपी मोजून डॉक्टरांना कळवा.

सुजेचं आणखी एक आहे. अ‍ॅम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करते, पण पलीकडच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी साचतं. औषध गेल्यावर झिरपणं थांबतं, पण साचलेलं पाणी परत ओढलं जायला वेगळा वेळ लागतो. म्हणून सूज औषधाच्या मागून उतरते. हे पाणी शरीरात मीठ अडकल्यामुळे साचलेलं नसल्याने लघवीच्या गोळीनेही फारसा फायदा होत नाही.

सगळ्याच औषधांना हा हिशेब लावू नका. पॅन्टोप्रॅझोलची हाफ-लाइफ जेमतेम तासाभराची, तरी अ‍ॅसिडिटीवरचा परिणाम दिवसभर टिकतो. ते जठरातले आम्ल सोडणारे पंप कायमचे बंद करून जातं, आणि नवे पंप तयार व्हायला वेळ लागतो. अ‍ॅस्पिरिनही तसंच: रक्तातून ते पटकन जातं, पण प्लेटलेट्सवरचा परिणाम त्या बदलल्या जाईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस राहतो.

किती थांबायचं? साधारण दोन आठवडे. रोज सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडण्याआधी, घोट्याच्या वर चार बोटांवर टेप लावून घेर मोजा आणि लिहून ठेवा. संध्याकाळचा आकडा धरू नका, तेव्हा सूज तशीही वाढलेली असते. दुसऱ्या आठवड्यात घेर कमी होत गेला पाहिजे. दोन आठवड्यांनीही हलला नाही, तर दोष गोळीचाच होता का ते पुन्हा तपासावं लागेल. एकच पाय सुजून दुखत असेल, किंवा धाप लागत असेल, तर मात्र हाफ-लाइफचा हिशेब बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.