स्पिअरमनचा रो ०.१ आला म्हणून ‘संबंध नाही’ लिहू नकोस

रो म्हणजे दोन मोजमापांच्या क्रमांकांमधला सहसंबंध सांगणारा आकडा. तो वाचण्याआधी आलेख काढ. समज, पाच प्लॉटवर झाडांचं आच्छादन ५, २५, ४५, ६५, ८५ टक्के आणि पक्ष्यांच्या प्रजाती ९, १६, २१, १५, १०. आच्छादनाचे क्रमांक १ ते ५, प्रजातींचे १, ४, ५, ३, २. दोन्ही क्रमांकांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज १८, आणि पाच प्लॉटसाठी छेद ५ × (५² − १) = १२०, म्हणून रो = १ − (६ × १८) ÷ १२० = ०.१. पण संबंध डोळ्यांना दिसतोय! प्रजाती आधी वाढतात, मग दाट झाडीत माळरानाचे पक्षी गळतात. स्पिअरमन फक्त एकाच दिशेचा कल पकडतो, असा उंचवटा त्याच्या हाती लागत नाही.

अहवालात रो, प्लॉटची संख्या, पी-मूल्य आणि आलेख चारही दे. दोन प्लॉटवर प्रजाती सारख्या असतील तर सरासरी क्रमांक लाव. तेव्हा वरचं सूत्र काटेकोर राहत नाही, क्रमांकांवर पिअरसनचा सहसंबंध गुणांक काढ.