गाठींवरून खादी ओळखू नका : वाचकांचे प्रश्न

कराडच्या एका ताईंचा प्रश्न : खादी म्हणून घेतलेल्या शर्टाच्या कापडात जागोजागी जाड गाठी दिसतात. दुकानदार म्हणाला, हीच अस्सल खादीची खूण. खरं आहे का?

ताई, ती खूण आता भरवशाची राहिलेली नाही. गिरणीत सूत कातताना मध्येच क्षणभर जास्त तंतू सोडायची सोय असते. त्यामुळे सुतात इंच-दोन इंच लांबीची फुगीर जागा तयार होते. बाजारात या कापडाला ‘स्लब’ म्हणतात. ते वाईट कापड नाही, पण ती खादी नव्हे. खादी म्हणजे हाताने कातलेलं आणि हातानेच विणलेलं कापड. दोन्हींतलं एक नसेल तर नाव बदललं पाहिजे.

फरक शोधायचा तो गाठीत नव्हे, दोन गाठींच्या मधल्या जागेत. शर्टाच्या आतल्या शिवणीपाशी जे जादा कापड सोडलेलं असतं, तिथून एक उभा आणि एक आडवा धागा वीतभर ओढून काढा. कापड निदान एकदा धुतलेलं असू द्या. कोऱ्या कापडाची खळ धाग्याची लव चिकटवून ठेवते आणि सगळेच धागे गुळगुळीत दिसतात. दोन्ही धागे काळ्या कापडावर ठेवून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा.

गिरणीच्या स्लब धाग्यात गाठ येते, संपते, आणि पुढची गाठ येईपर्यंत धागा एकसारखा जातो. हातसुतात असा ‘सरळ’ भाग सापडतच नाही. ते हळूहळू जाड होतं, हळूहळू बारीक होतं, पुन्हा भरतं. कातणारा एका हाताने पेळू ओढतो आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवतो. ओढ आणि फिरकी यांचा मेळ क्षणाक्षणाला थोडा बदलतो, तोच धाग्यात उतरतो.

आता पीळ उलगडून पाहा. दोन-तीन इंचांचा तुकडा एका टोकाला धरा आणि दुसरं टोक बोटांनी उलट्या दिशेला वळा. पीळ नेहमी बारीक जागेकडे धावतो, कारण तिथे त्याला विरोध कमी. म्हणून हातसुताची बारीक जागा कडक आणि घट्ट पिळलेली असते, तर जाड जागा दोन-चार वळणांतच कापसासारखी उकलते. एकाच वितीत असे चढउतार अनेकदा दिसले, आणि उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांत दिसले, तर सूत हातचं असण्याची शक्यता फार मोठी. गाठी फक्त आडव्या धाग्यात आणि उभा धागा तारेसारखा एकसारखा असेल, तर ती खादी म्हणून घेऊ नका.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. आज बरीचशी खादी अनेक चात्यांच्या अंबर चरख्यावर कातली जाते. त्यात तंतू ओढायचं काम रोलर करतात, म्हणून ते सूत बरंच एकसारखं निघतं. साध्या चरख्याच्या सुतासारखे चढउतार त्यात शोधायला गेलात, तर खऱ्या खादीलाच खोटी ठरवाल. म्हणजे भरपूर चढउतार दिसले तर हातसुताच्या बाजूने पुरावा मिळतो, पण धागा एकसारखा दिसला म्हणून लगेच उलट निकाल देता येत नाही. अशा वेळी ‘खादी मार्क’ची पट्टी पाहावी आणि दुकानदाराकडून पावतीवर ‘खादी’ असं लिहून घ्यावं. या चिन्हाचे नियम 2013 पासून आहेत, त्यामुळे खादी म्हणून विकणाऱ्याकडे ते मागण्यात काही गैर नाही.

विट्याहून एक दादा विचारतात : आमच्या गावात घरोघरी यंत्रमाग. हातमाग आणि यंत्रमाग, दोन्हीकडे सूत गिरणीचंच. मग नुसत्या कापडावरून फरक कसा कळणार?

दादा, सूत एकच असल्याने धागा ओढून इथे काही कळणार नाही. इथे विणकराचा ठोका वाचावा लागतो.

हातमागावर विणकर आडवा धागा नेणारा धोटा टाकतो, फणी ओढून तो धागा बसवतो, आणि चार बोटं कापड झालं की ते हाताने गुंडाळून पुढे घेतो. फणीचा ठोका दर वेळी तंतोतंत सारखा पडत नाही. कापड पुढे घेतल्यावर तो थोडा बदलतो, दुपारी हात थकल्यावर आणखी बदलतो. यंत्रमागावर कापड दाती चाकावर पुढे सरकतं, प्रत्येक धाग्याला तेवढंच.

हे मोजता येतं. जाड पुठ्ठ्यात बरोबर 1 इंच रुंदीची खिडकी कापा. पुठ्ठा कापडावर ठेवून भिंगातून, सुईच्या टोकाने आडवे धागे मोजा. मग हातभर अंतर सोडून पुन्हा, असं पाच ठिकाणी करा. माझ्याकडे शर्टाच्या कापडाचे दोन तुकडे होते, दिसायला जुळ्या भावंडांसारखे. पहिल्यात आकडे आले 44, 47, 43, 48, 45. दुसऱ्यात 52, 52, 51, 52, 52. पहिला हातमागाचा होता, दुसरा यंत्रमागाचा. दुसऱ्यात धागे जास्त आहेत, पण निकाल त्यावरून दिलेला नाही. एकाच तुकड्यात आकडा किती हलतो, ते पाहायचं. पहिल्यात पाचाचा फरक आहे, दुसऱ्यात एकाचा.

कापड उजेडासमोर धरलं तर हेच डोळ्यांनाही दिसतं. हातमागाच्या कापडात दाट-विरळ पट्टे एकमेकांत मिसळत जातात. मात्र एखादाच ठळक आडवा पट्टा दिसला तर फसू नका. यंत्रमागावर धागा तुटून माग थांबला आणि पुन्हा सुरू केला, की असा पट्टा पडतोच. हे तुम्ही रोज पाहत असाल. उलट काही हातमागांवरही कापड आपोआप गुंडाळायची दातेरी जोडणी बसवलेली असते. मग आकडे कमी हलतात.

त्यासाठी किनारही पाहावी. कापड आत ओढलं जाऊ नये म्हणून हातमागावर दोन्ही टोकांना टोचे असलेली काठी लावतात आणि विणत जाऊ तशी ती पुढे सरकवतात. म्हणून किनारीजवळ बारीक छिद्रांचे पुंजके थोड्या थोड्या अंतरावर दिसतात. यंत्रमागावर त्या जागी फिरत्या काटेरी कड्या असतात, त्यांच्या खुणा सलग रांगेत जातात. धुतल्यावर दोन्ही बुजतात, म्हणून हे कोऱ्या कापडावरच तपासा.

किनारीला धागे वळून परत आत गेलेले नसतील, कापल्यासारखी झालर असेल, तर ते बहुधा धोटा नसलेल्या यंत्राचं कापड. पण किनार बंद आहे म्हणून हातमाग, असं मात्र म्हणू नका. धोट्याच्या यंत्रमागावरही किनार बंदच येते.

मिरजेच्या एका मावशींचा प्रश्न : आजीचं इरकल आणि मी परवा घेतलेलं इरकल, दोन्ही हातमागाची सांगतात. पण नव्या साडीचा लाल पदर मळकट का दिसतो?

मावशी, पदर जिथे सुरू होतो ती रेघ उलटी करून पाहा. जुन्या पद्धतीच्या इरकलात अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे असतात. दोन्हींचे धागे फासासारखे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. त्याला तिकडचे विणकर ‘टोप तेणी’ म्हणतात. त्यामुळे पदराचा उभा धागाही लाल, आडवाही लाल, आणि रंग भरून येतो. आजीच्या साडीत बोट फिरवलं तर जोडाची बारीक कणी हाताला लागेल.

सलग विणलेल्या साडीत अंगाचा काळा किंवा हिरवा ताणा तसाच पदरात जातो आणि त्यावर लाल आडवा धागा बसतो. दोन रंग मिसळून लाल मंद पडतो. तुमच्या नव्या साडीचा मळकटपणा तोच दिसतो. जोड नसला म्हणजे साडी यंत्रमागाचीच असं सिद्ध होत नाही, कारण वेळ वाचवायला हातमागावरही सलग विणतात. पण आजीच्या साडीची किंमत मागितली असेल, तर हा जोड दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

साताऱ्याचे एक वाचक : धागा जाळून पाहिला की खादी ओळखता येते, असं ऐकलंय.

नाही. जाळून फक्त तंतू कळतो. कापूस जळताना कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरडेल अशी हलकी राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. कापूस हाताने कातलेला की यंत्राने, हे राख सांगत नाही.

साताऱ्याचेच एक काका : खादीचा झब्बा तीन वर्षांत कोपरावर विरला, आणि मिलचा शर्ट आठ वर्षं अंगावर आहे. मग खादी टिकाऊ कशी म्हणायची?

काका, सरसकट टिकाऊ म्हणू नये. दोन्ही कापडं विरतात, पण वेगळ्या रीतीने, आणि त्या रीतीवरूनही ती ओळखू येतात.

हातसूत जिथे बारीक तिथेच ते आधी तुटतं. कोपर, कॉलरची घडी, काखेची शिवण, म्हणजे जिथे ताण आणि घास दोन्ही पडतात, तिथे आधी एखादा आडवा धागा जातो, मग शेजारचा, आणि छोटी उभी चीर दिसते. बाकीचा झब्बा तोवर धडधाकट असतो. जाड जागांवरची सैल लव धुण्याधुण्यात वर येते, म्हणून कोरी असताना खरखरीत लागणारी खादी वर्षभरात मऊ होते. ती लव कापसाची असल्याने फार काळ टिकत नाही, झडून जाते.

तुमच्या ‘मिलच्या’ शर्टाच्या पोटाजवळ, जिथे पट्ट्याचा घास बसतो तिथे, बारीक गोळे आलेत का पाहा. धुऊनही ते जात नसतील तर त्यात बहुधा पॉलिएस्टर आहे. कापसाची लवही गोळा होते, पण तिचा तंतू अशक्त, म्हणून गोळा सुटून पडतो. पॉलिएस्टरचा चिवट तंतू गोळ्याला धरून ठेवतो. असा शर्ट आठ वर्षं चालतो, पण त्यातला कापूस झिजत जातो आणि उरतो तो बहुतांशी पॉलिएस्टरचा जाळा. शर्ट फाटत नाही, पण पूर्वीपेक्षा पातळ होतो, उजेडात बनियन दिसू लागते आणि घाम तसाच अंगावर राहतो. तेव्हा तुमची तुलना खादी आणि मिल यांची नसून कापूस आणि पॉलिएस्टर यांची असू शकते. निव्वळ सुती मिलच्या कापडाला पॉलिएस्टरची ही चिवटाई नसते. ते सारखं विणलेलं असल्याने सगळीकडून जवळजवळ एकदमच पातळ होतं.

पुढच्या झब्ब्याबाबत दोन गोष्टी करा. शिवायला देण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. कोरी खादी पहिल्याच धुण्यात चांगली आक्रसते, आणि घट्ट झालेल्या झब्ब्याची कोपरं लवकर जातात. दुसरं, शिंप्याला सांगा की बाही ढगळ ठेव आणि कोपराच्या आत त्याच कापडाचं अस्तर लाव. धुताना ब्रश कॉलरवरसुद्धा घासू नका, साबण लावून हाताने चोळा. आत्ताच्या झब्ब्याची चीर अजून बोटभरच असेल, तर त्याच झब्ब्याच्या शिवणीतून ओढलेल्या धाग्याने रफू करून घ्या. बाजारातला पक्का पिळाचा दोरा वापरलात, तर तो आजूबाजूच्या सैल सुताला कापत जाईल आणि रफूच्या कडेलाच नवी चीर पडेल.