डोळ्याचं दुखणं आणि टायफॉइडचं सर्टिफिकेट

*मी टीवाय बीएस्सीला आहे, विषय संख्याशास्त्र. शुक्रवारी प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचाय. तीन दिवस उजवा डोळा लाल आहे. आता खूप दुखतो, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतं. मी कॉन्टॅक्ट लेन्स लावते. मेडिकलमधून ड्रॉप्स आणले, एक दिवस लाली उतरली, परत वाढली. सरांसाठी मेसेज लिहून ठेवलाय: ‘आदरणीय सर, डोळ्याच्या असह्य वेदनांमुळे मी अत्यंत अडचणीत आहे. कृपया सहानुभूतीपूर्वक विचार करून थोडी मुदत द्यावी, ही नम्र विनंती.’ बाबा म्हणतात, डोळे आल्याचं कारण कुणी मानत नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट घेऊ, पंधरा दिवस मिळतील, त्यात एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेचा अभ्यासही होईल. काय करू?*

मेसेज नंतर. आधी दोन्ही डोळ्यांतल्या लेन्स काढ आणि आजच्या आज नेत्रतज्ज्ञांना दाखव. जवळ कुणी नसेल तर सरकारी रुग्णालय गाठ, उद्यावर ढकलू नकोस.

तू आणि बाबा दोघांनीही ‘डोळे आले’ असं धरून टाकलंय. 2023 च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्यापासून सगळीकडे साथ पसरली, तेव्हापासून लाल डोळा म्हणजे साथ हे डोक्यात पक्कं बसलंय. साथीच्या डोळ्यात पाणी येतं, चिपडं धरतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, आणि बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत ते आपोआप बरं होतं. पण नजर अंधुक होणं, उजेड नकोसा वाटणं आणि ठणका लागणं, तेही लेन्स लावणाऱ्या माणसाला, हे बुबुळाला संसर्ग झाल्याचं लक्षण असू शकतं. चिपडामुळे अंधुक दिसत असेल तर पापण्या मिचकावल्यावर साफ होतं. तुझं होतंय का? नसेल तर एक दिवससुद्धा महाग पडू शकतो, कारण बुबुळावर व्रण झाला तर तो भरल्यावरही मागे पांढरा डाग राहतो. तो बाहुलीसमोर असला तर नजर तेवढी अधू होते.

त्या ड्रॉप्सच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आईला वाचायला सांग. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली उतरते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं, आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पुन्हा घालू नकोस. बाटली, काढलेल्या लेन्स आणि त्यांची डबी सोबत ने. गरज पडली तर जंतू कोणता हे शोधायला डबीतलं पाणीही तपासतात. लेन्स नळाच्या पाण्याने धुतली असशील किंवा लावूनच झोपली असशील तर लाजू नकोस, सांगून टाक. औषध कोणतं द्यायचं ते त्यावरही ठरतं.

ही सगळी डॉक्टरकी करिअरच्या सदरात कशाला, असं वाटेल. पण तुझ्या मेसेजमधली खरी उणीव इथेच आहे. ‘थोडी मुदत’ म्हणजे किती, हे तुला माहीत नाही, कारण तू अजून कुणाला दाखवलेलंच नाहीस. डॉक्टर डोळ्यात केशरी रंगाची पट्टी टेकवून निळ्या उजेडात बघतात. व्रण असला तर तो हिरवा चमकतो. तसं असेल तर सुरुवातीला दर तासाला, कधी रात्रीही ड्रॉप्स घालावे लागतात. शिवाय बाहुली मोठी करणारं औषध दिलं तर काही दिवस जवळचं वाचताच येत नाही. म्हणजे मुदतीचे दिवस तपासणीनंतरच ठरतात.

आता सरांच्या बाजूने बघ. त्यांच्यापुढे अख्ख्या वर्गाचे रिपोर्ट आहेत आणि अंतर्गत गुण भरायची शेवटची तारीख त्यांनाही वरून आलेली असते. स्वतःची शुक्रवारची तारीख ते पुढे ढकलू शकतात, विद्यापीठाची नाही. म्हणून किती दिवस आणि काम कुठवर आलंय, एवढंच त्यांना हवं असतं. सहानुभूतीचा विचार करायला लावणारी वाक्यं वाचून उलट प्रश्न वाढतात.

समज, मंगळवारी दाखवलंस आणि डॉक्टरांनी रविवारपर्यंत वाचन बंद सांगितलं. बाकी राहिलेलं काम दोन दिवसांचं आहे. मग बुधवार माग. मोघम ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणू नकोस. मेसेज साधारण असा:

‘सर, मी टीवाय संख्याशास्त्र, रोल नंबर अमुक. उजव्या डोळ्याच्या बुबुळाला संसर्ग झाला आहे. आज नेत्रतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी रविवारपर्यंत वाचन आणि स्क्रीन बंद सांगितली आहे. केस पेपरचा फोटो जोडला आहे. प्रोजेक्टची आकडेमोड आणि पहिली तीन प्रकरणं तयार आहेत, ती सोबत पाठवते. निष्कर्ष आणि संदर्भसूची बाकी आहे. रिपोर्ट शुक्रवारऐवजी पुढच्या बुधवारी दिला तर चालेल का?’

तुझी किती प्रकरणं झालीत ते तू बघ, पण झालं असेल तेवढंच लिही. डॉक्टरांनी वेगळं निदान केलं तर तेच लिही, साधे डोळे आलेले निघाले तरी. साथीचा डोळा घेऊन वर्गात येऊ नकोस, असं सर स्वतःच म्हणतील. सुजलेल्या डोळ्याचा फोटो पाठवू नकोस. टाइप आईला करू दे, पण नाव तुझं असू दे. आणि हे शुक्रवारच्या आधी जाऊ दे. मुदत उलटल्यावर आलेल्या खऱ्या कारणालाही बहाण्याचा वास येतो.

बाबांना हे पत्र जरूर वाचायला दे. बाबा, राग मानू नका, पण तुमच्या मुलीचा डोळा दुखतोय आणि तुम्ही आजार कोणता दाखवायचा ते ठरवताय! वर्गातल्या मुलींनी तिचा लाल डोळा पाहिलाय. टायफॉइडची रजा संपवून ती काळा चष्मा लावून परतली तर काय सांगणार? खोटं सर्टिफिकेट देणं हा डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. मेडिकल कौन्सिलकडे तक्रार गेली तर त्यांच्या नोंदणीवर येऊ शकतं. ओळखीच्या माणसाला एका प्रोजेक्टपायी कशाला त्यात ओढता? तुमच्या हातात खरा केस पेपर असताना खोट्याची गरज काय, हे मला कळलेलं नाही. आणि एका डोळ्याने जेमतेम दिसत असताना पंधरा दिवसांत जॅम? ज्या विश्रांतीसाठी मुदत मागायची, तीच अभ्यासात घालवायची?

सर्टिफिकेट जोडलं की मुदत मिळतेच, हाही एक गैरसमज. हा कागद तू आजारी होतीस एवढंच सांगतो, मुदत द्यायची की नाही ते सर ठरवतात. ते नाही म्हणाले तर वाद घालू नकोस. जे तयार आहे ते शुक्रवारीच मैत्रिणीच्या हाती दे, त्यावर ‘निष्कर्ष बाकी’ असं स्पष्ट लिही, पोच घे आणि विभागप्रमुखांना केस पेपरसह एक अर्ज दे. अर्धे गुण गेले तरी चालतील. तोंडी परीक्षेला बसता येईल की नाही, हे मात्र त्यात विचारून घे.

जॅमची सांख्यिकीची परीक्षा फेब्रुवारीत असते, तीन तास संगणकावर. डोळा बरा झाल्यावर, डॉक्टरांनी लेन्सबद्दल काय सांगितलं तेही कळव, मग परीक्षेबद्दल बोलू.