गाजावाजा न करता पाठवायचे निरोप समारंभाचे निमंत्रण

प्रश्न: आमच्या केंद्र सरकारी कार्यालयातील (मुंबई) गट ब मधील एक ज्येष्ठ अधिकारी बाई ३१ मे २०२६ रोजी निवृत्त होत आहेत. त्यांना कळू न देता सर्वांना निमंत्रण कसे पाठवावे आणि त्यात वर्गणीचे कसे लिहावे?

सर्वप्रथम तारीख निश्चित करा, कारण ३१ मे २०२६ हा रविवार आहे. बाईंचा कार्यालयातील शेवटचा दिवस त्यामुळे शुक्रवार, २९ मे असेल, आणि त्या दिवशी कार्यभार सोपवणे, कागदांवर सह्या आणि घरच्यांचे येणे यांत त्यांना क्षणभरही उसंत मिळणार नाही. शिवाय १ जून ही जन्मतारीख नोंदलेले लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात असे समारंभ एकदम येतात. मी तुमच्या जागी असतो तर शुक्रवार, २२ मेची संध्याकाळ घेतली असती. ठिकाण दादरला ठेवावे, म्हणजे पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांवरच्या लोकांना घरी जाताना थांबता येते.

गुप्तता बहुतेक वेळा फुटते ती मोबाईलच्या पडद्यावर. एका सहकाऱ्याच्या निरोपासाठी आम्ही गट काढला आणि त्याला त्यांचेच नाव दिले. टेबलावर चार्जिंगला लावलेल्या एका फोनवर ते नाव झळकले आणि शेजारीच बसलेल्या त्यांनी ते वाचले. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ते अवघडलेले दिसत, आणि त्याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून मी गट काढत नाही, व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरतो. प्रत्येकाला स्वतंत्र संदेश जातो, उत्तर फक्त पाठवणाऱ्यालाच येते आणि कोण येणार, कोण नाही, हे इतरांना दिसत नाही. मात्र ज्यांच्या फोनमध्ये तुमचा क्रमांक साठवलेला नसेल त्यांना तो संदेश पोहोचत नाही, म्हणून उत्तर न आलेल्यांना प्रत्यक्ष भेटून विचारावे. निमंत्रणाची छापील प्रत काढू नका. ती सामाईक प्रिंटरच्या ट्रेमध्ये राहून जाते.

वर्गणीबाबत तुम्हाला एक नियम पाळावाच लागेल. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १४ नुसार निवृत्तीच्या वेळचा खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप समारंभ चालतो, पण वर्गणीसाठी कोणावरही दबाव आणता येत नाही, आणि गट क व ड मध्ये नसलेल्या व्यक्तीच्या समारंभासाठी त्या गटांतील कर्मचाऱ्यांकडून वर्गणी घेण्यास मनाई आहे. म्हणजे लिपिक आणि शिपाई मंडळींना अगत्याने बोलवा, पण ती पाहुणे म्हणून येतील. समजा, २४ जण येणार आहेत आणि त्यांतले ६ जण गट क मधील आहेत. बाई आणि त्यांचे यजमान धरून २६ ताटे झाली. ताट ६५० रुपयांचे असेल तर ५ टक्के जीएसटीसह ६८२.५० रुपये, म्हणजे एकूण १७,७४५ रुपये. ते १८ जणांत वाटले की प्रत्येकी १,००० रुपये पुरतात. भेटवस्तूचे पैसे यात मिसळू नका. जेवणाचा आकडा ठरलेला असावा आणि भेटवस्तूसाठी यथाशक्ती द्यावे, असे केले की तंगीत असलेल्या माणसाला मान खाली घालावी लागत नाही. पैसे विभागप्रमुखांनी गोळा करू नयेत, कारण साहेबांनी मागितले की नाही म्हणणे जड जाते.

मजकूर मी साधारण असा लिहीन. पहिल्या ओळीत बाईंचे नाव येणार नाही याची काळजी घ्यावी, कारण सूचनेत तीच दिसते:

«शुक्रवार, २२ मे, सायंकाळी ६.४५, दादर (पश्चिम).

सप्रेम नमस्कार. आपल्या विभागातील ज्येष्ठ सहकारी या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्यासोबत एक संध्याकाळ घालवावी म्हणून आपण स्नेहभोजनासाठी जमत आहोत. (येथे हॉटेलचे नाव, मजला आणि स्थानकापासूनची खूण.) भोजनाची वर्गणी १,००० रुपये, भेटवस्तूसाठी स्वेच्छेने काही द्यायचे असल्यास वेगळे पाठवावे, रक्कम कोणालाही सांगितली जाणार नाही. यूपीआयने पाठवताना शेऱ्यात फक्त ‘भोजन’ किंवा ‘भेट’ लिहावे. येणार असल्यास सोमवार, १८ मेपर्यंत मलाच कळवावे. त्यांच्यासमोर विषय काढू नये, ही विनंती.»

वर्गणीची ओळ गट क मधील सहाजणांच्या संदेशातून काढून टाका आणि त्यांच्यासाठी दुसरी यादी करा. १८ मे ही मुदत हॉटेलला ताटांची संख्या कळवण्यासाठी आहे. एकदा सांगितलेल्या ताटांचे पैसे सहसा द्यावेच लागतात.

बाईंच्या यजमानांना मात्र आधीच विश्वासात घ्या आणि ती संध्याकाळ मोकळी ठेवण्याचे काम त्यांच्यावर सोपवा. मे महिना आहे, बाई गावाला जायचे आरक्षण करून बसलेल्या असू शकतात, म्हणून हॉटेलला आगाऊ रक्कम देण्याआधी यजमानांना फोन करा.